कीर्द नव्हे, खतावणी : शाळेतील पुस्तक-परीक्षणाविषयी

आठवीतील एका विद्यार्थिनीला शाळेत ‘श्यामची आई’ या पुस्तकाचे परीक्षण लिहावयाचे होते. मर्यादा तीनशे शब्दांची. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. श्याम आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. मुलीने पहिल्या रात्रीपासून प्रारंभ केला. चार पाने भरली, तेव्हा ती जेमतेम सातव्या रात्रीपर्यंत पोहोचली होती.

पेढीवरून परतलेल्या आजोबांनी ती पाने वाचली आणि म्हणाले, “बाळ, तू कीर्द लिहिली आहेस. गुरुजींना खतावणी हवी आहे.”

व्यापारी घरात या दोन वह्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो. खतावणीत तोच व्यवहार आपापल्या खात्यावर जातो. गोष्ट सांगणारा क्रमाने जातो, परीक्षण लिहिणारा खात्याने. ‘मग’, ‘नंतर’, ‘पुढे’ हे शब्द परिच्छेदात वारंवार येऊ लागले की कीर्द सुरू झाली असे खुशाल समजावे.

कथानकासाठी तीनच गोष्टी पुरतात : माणसे कोण, त्यांची परिस्थिती काय आणि त्यांच्यापुढे पेच कोणता. मुलीने चार पाने बाजूला ठेवून लिहिले : “कोकणातील एका घराला पूर्वी संपन्नता होती. कर्जामुळे ते दिवसेंदिवस खालावत जाते. त्या ओढाताणीतही आई मुलांवर संस्कार करते. श्याम हट्टी आहे, चुकाही करतो. आई त्याला कधी मायेने, कधी कठोरपणे वळण लावते. घराची पडझड थांबते का, हे पुस्तकातच वाचावे.” बेचाळीस रात्री एका परिच्छेदात मावल्या आणि शेवटही झाकलेला राहिला. पुस्तक न वाचलेल्यालाही हा परिच्छेद कळतो. जमले की नाही, हे पाहण्याची कसोटी तीच.

यानंतर आशय. ‘आईचे प्रेम’ एवढेच लिहिले तर तो विषय झाला. त्या प्रेमाविषयी पुस्तक काय म्हणते, तो आशय. तो शोधण्यासाठी मुलीने लक्षात राहिलेले प्रसंग कागदावर मांडले व त्यांना खाती दिली. पायांचे तळवे मळू नयेत म्हणून जपणाऱ्या श्यामला आई मनही तसेच जपायला सांगते, आणि उमलण्यापूर्वी कळ्या तोडू नयेत म्हणून समजावते. हे दोन्ही प्रसंग ‘मनाची शुद्धी आणि करुणा’ या खात्यावर गेले. वसुलीला आलेल्या सावकाराच्या माणसाचे अपमानकारक बोलणे आणि जप्तीची दवंडी हे प्रसंग ‘कर्ज आणि मान’ या खात्यावर. दोन्ही खाती खरी होती. परंतु तीनशे शब्दांत एकच पूर्ण लिहिता येते. तिने दुसरे निवडले आणि एका वाक्यात बांधले : “पैसा गेला तरी घर उभे राहू शकते, मान गेला की माणूस खचतो, असे हे पुस्तक दाखवते.” आधाराला तेच दोन प्रसंग, प्रत्येकी दोन वाक्यांत. उरलेले प्रसंग कितीही आवडते असले तरी तिने वगळले.

स्वतःचे मत लिहिताना मात्र लेखणी अडली. “पुस्तक मला फार आवडले” हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला चिकटते, म्हणून ते मत ठरत नाही. तिच्या मनात दुसरेच होते. पण आपल्याच घरातून लोकांना उधारी दिली जाते, हे ठाऊक असल्याने ते लिहावे की नाही असा संकोच तिला वाटत होता. आजोबांना तिने विचारले. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाटले तेच लिही. फक्त कारण दे.”

तिने लिहिले : “आमच्या घरी उधारीची वही आहे. दिलेले पैसे परत मागणे चूक नाही, असे मला वाटते; श्यामच्या वडिलांनी कर्ज वेळीच फेडायला हवे होते. पण सावकाराचा माणूस बोलतो तो प्रसंग वाचताना मला त्या आईच्या जागी आमच्या वहीतील माणसे दिसली. वसुली हक्काची असते, अपमान हक्काचा नसतो.”

या मतात पुस्तकातील प्रसंग आहे, कारण आहे आणि पुस्तकाशी थोडा मतभेदही आहे. हे दुसऱ्या कुणालाही उतरवून घेता येणार नाही; कारण ते त्याच घरात, त्याच वहीशेजारी सुचू शकते.

शेवटी तिने शब्द मोजले. परिचयाला सुमारे चाळीस, कथानकालाही जवळजवळ तेवढेच, आशयाला शंभर, मताला चाळीसच्या आसपास. सर्वांत लहान भागांत कथानक होते; पहिल्या खर्ड्यात दुसरे काहीच नव्हते.

आजोबांनी परीक्षण दोनदा वाचले. दुसऱ्या दिवशी पेढीवर जाताना उधारीची वही त्यांनी नेहमीप्रमाणे काखेत घेतली. परंतु निघण्यापूर्वी उंबऱ्याशी थांबून तिची काही पाने उलटून पाहिली.