एका # चा फरक

१९७५ साली बाजारात आलेल्या ६५०२ या आठ बिटांच्या प्रोसेसरला आकडा दिला, की पहिला प्रश्न येतो: हा माल आहे की मालाचा पत्ता? उत्तर एका चिन्हात असतं.

```
LDA #$05
LDA $05
LDA $0300,X
```

पहिल्या ओळीत # आहे, म्हणून A या रजिस्टरमध्ये थेट ५ जातो. दुसरीत तो नाही. मग प्रोसेसर मेमरीतल्या पाच नंबरच्या खोलीत जाऊन तिथे असेल ते उचलतो. तिथे ४२ असेल, तर A मध्ये ४२. नवशिक्यांची (आणि थकलेल्या जाणत्यांचीही) चूक इथेच होते. # टंकायचा राहतो, असेंबलर कुरकुरत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही ओळी बरोबरच. उत्तर मात्र त्या खोलीत काय पडलंय त्यावर ठरतं. शंका आली तर मशीन कोड पाहावा: पहिल्या ओळीचा A9 05, दुसरीचा A5 05.

तिसरी ओळ यादीसाठी. X मध्ये २ असेल, तर वाचन $0302 मधून होतं. X एकेकाने वाढवत गेलं, की हीच आज्ञा अख्खी यादी वाचते. पण X आठच बिटांचा; २५६ खोल्या संपल्या, की आज्ञेतला पत्ताच बदलावा लागतो.