कव्हर घेताना कोपरा बघा

नवा फोन घेतला की दुकानदार तिथेच विचारतो, ‘‘कव्हर देऊ?’’ आणि काउंटरवर चार-पाच कव्हरं मांडतो. हे सिलिकॉनचं, हे ट्रान्सपरंट, हे हार्ड. आपण रंग बघतो, भाव विचारतो आणि एक उचलतो. पण ही तीन कव्हरं तीन वेगळ्या पदार्थांची असतात आणि फोन हातातून निसटला की त्यांचं वागणंही वेगळं असतं. कव्हरकडून आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात: पकड, पडल्यावर बचाव आणि फोन जास्त न तापणं. यातली प्रत्येक गोष्ट पदार्थावर किती अवलंबून आहे हे कळलं, तर निवड सोपी होते.

आधी ओळख पटवून घेऊ. बाजारात ‘सिलिकॉन कव्हर’ म्हणून विकलं जाणारं मऊ पारदर्शक कव्हर बहुतेक वेळा सिलिकॉनचं नसतं, ते टीपीयूचं असतं. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचीक प्लास्टिक. ते वाकतं, पण थोडा जोर लावावा लागतो. खरं सिलिकॉन रंगीत आणि अपारदर्शक असतं, स्पर्शाला मखमली लागतं, सहज दुमडतं आणि त्यावर बोट ओढलं तर अडखळतं. आतून त्याला बहुधा मऊ कापडी अस्तर असतं. पॉलिकार्बोनेट म्हणजे दुकानातलं ‘हार्ड’ कव्हर. नखाने वाजवलं की टक्‌ आवाज येतो, कोपरा अंगठ्याने दाबला तर दबत नाही, आणि फोनवर बसवताना खटकन बसतं.

आता पडण्याचा विचार करू, कारण कव्हर घेण्यामागचं मुख्य कारण तेच असतं. कमरेइतक्या उंचीवरून, म्हणजे साधारण एक मीटरवरून निसटलेला फोन फरशीला भिडतो तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. हा वेग क्षणात शून्यावर यायचा असतो. तो किती अंतरात शून्य होतो, यावर सगळं ठरतं. ढोबळ हिशेब करून बघू. फोन २०० ग्रॅमचा आहे. आघाताच्या वेळी कोपरा फक्त पाव मिलिमीटर दबला, तर फोनवर सरासरी ८०० किलो वजनाइतका जोर येतो. तोच कोपरा एक मिलिमीटर दबला, तर जोर २०० किलोवर उतरतो. पाऊण मिलिमीटरच्या फरकाने हादरा चौपट कमी झाला. कोपऱ्यावर पडलेल्या फोनच्या बाबतीत हाच फरक काच तडकणं आणि वाचणं यातला असू शकतो.

म्हणून ‘मजबूत म्हणजे सुरक्षित’ हा समज इथे फसवतो. पॉलिकार्बोनेट खरोखर मजबूत आहे, हेल्मेटच्या काचा त्याच्याच करतात. पण ते दबत नाही. पातळ हार्ड कव्हर फरशीवर आपटलं की हादरा जवळजवळ जसाच्या तसा फोनच्या काठाकडे जातो. कव्हरला ओरखडाही येत नाही आणि आतली काच मात्र गेलेली असते. कव्हर शाबूत राहिलं म्हणजे फोन वाचला, असं नाही. शिवाय ही कव्हरं फोनवर अडकावीत म्हणून अनेकदा वरचा आणि खालचा काठ उघडा ठेवलेला असतो. आघाताची शक्यता नेमकी त्याच ठिकाणी असते. ओरखडे अडवायला आणि मागच्या काचेवरचा मारा पसरवायला हे कव्हर उत्तम आहे, कोपऱ्यासाठी ते पुरेसं नाही.

सिलिकॉनची अडचण उलटी आहे. ते इतकं मऊ असतं की पातळ असेल तर आघातात पूर्ण दबून जातं आणि पुढचा धक्का सरळ फोनला बसतो. त्याची दुसरी खोड म्हणजे काठ ताणले जातात. काही महिने खिशात आत-बाहेर झालं की खालचा काठ सैल होऊन उचलला जातो. असं कव्हर फोनसोबत पडतं खरं, पण आपटताच कोपरा त्यातून बाहेर निसटतो. चांगल्या सिलिकॉन कव्हरमध्ये म्हणूनच आत एक कडक साचा असतो आणि त्यावर सिलिकॉनचा थर चढवलेला असतो. दोन बोटांनी कव्हर पिळून बघितलं की तो साचा आहे की नाही ते लगेच कळतं.

टीपीयू या दोघांच्या मधे बसतं. दबतं, पण आवरून दबतं, आणि दबताना धक्क्याचा बराच भाग स्वतःमध्ये जिरवतं. म्हणून फक्त पडण्याचाच प्रश्न असेल, तर जाड कोपऱ्यांचं टीपीयू कव्हर बहुतेकांसाठी योग्य ठरतं. त्याहून चांगली रचना म्हणजे पाठ पॉलिकार्बोनेटची आणि चारही काठ टीपीयूचे. हेल्मेटमध्ये बाहेरचं कडक कवच मारा पसरवतं आणि आतलं थर्माकोल दबून डोक्याला सावकाश थांबवतं. या जोड कव्हरमध्ये तीच कामाची वाटणी असते. कोपऱ्यांच्या आत छोटी पोकळी ठेवलेली असेल तर दबायला आणखी जागा मिळते.

खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थही समजून घ्यायला हवा. हा उल्लेख अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-८१० या चाचणी-पद्धतीचा असतो. तिच्यात वस्तू १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात: सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. पण या २६ आघातांसाठी एकापेक्षा जास्त नमुने वापरायची मुभा असते, आणि पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत खाली काँक्रीटवर प्लायवूड ठेवलेलं असे. आपल्या घरात ग्रॅनाइट आणि कोटा फरशी असते. शिवाय असं प्रमाणपत्र देणारं लष्कराचं कोणतंही कार्यालय नाही. चाचणी कंपनी स्वतः करते किंवा करवून घेते. तेव्हा हे शब्द वाचून समाधान मानण्यापेक्षा कोपरा बघणं बरं.

फोन पालथा पडला तर मात्र कोपऱ्याइतकीच पुढच्या काठाची उंची महत्त्वाची ठरते. दुकानात कव्हर घातलेला फोन काचेच्या काउंटरवर पालथा ठेवा आणि स्क्रीनखालून व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. स्क्रीनगार्ड लावूनही कार्ड न अडता सरकत असेल, तर काठ पुरेसा वर आहे. कॅमेऱ्याभोवतीच्या कड्याचीही अशीच परीक्षा घ्या.

पकडीत सिलिकॉनचा हात कोणी धरू शकत नाही. ते कोरड्या हाताला घट्ट धरतं आणि तिरक्या टेबलावरूनही घसरत नाही. पण जीन्सच्या खिशातून ओढून काढावं लागतं, आणि धूळ-धागे त्याला भराभर चिकटतात. धूळ बसली की पकड निम्मी होते. साबणाच्या पाण्याने धुतलं की परत येते. टीपीयूची पकड मध्यम असते, खरबरीत कडा असतील तर चांगली. गुळगुळीत पॉलिकार्बोनेट सगळ्यात निसरडं. घामट हातात किंवा पावसात ते पटकन सुटतं. इथेही जोड कव्हर उपयोगी पडतं, कारण आपली बोटं पाठीवर कमी आणि काठांवर जास्त असतात.

राहिली उष्णता. ‘हे कव्हर फोन थंड ठेवतं’ असं सांगून कुणी जास्त पैसे मागितले, तर देऊ नका. उष्णता पुढे सरकवण्याच्या बाबतीत सिलिकॉन, टीपीयू आणि पॉलिकार्बोनेट जवळजवळ सारखेच मंद आहेत. ॲल्युमिनियम त्यांच्यापेक्षा सुमारे हजारपट वेगाने उष्णता नेतं. त्यामुळे फरक पडतो तो जाडीने आणि मधल्या हवेने. फोनच्या पाठीतून दोन वॅट उष्णता बाहेर पडते आहे असं धरा. दीड मिलिमीटर जाडीच्या कव्हरमुळे फोन साधारण सव्वा अंशाने जास्त तापेल, पाऊण मिलिमीटरच्या कव्हरमुळे सुमारे अर्ध्या-पाऊण अंशाने. पण कव्हर आणि फोन यांच्यात एक तृतीयांश मिलिमीटर हवा अडकली, तर ती एकटीच दोन अंशांची भर घालते. अस्तराचं कापड नेमकी ही हवा धरून ठेवतं. सैल कव्हरही तेच करतं. जाड कव्हरच्या फोनची पाठ हाताला कमी गरम लागते, त्यावरून फसू नका. आतली उष्णता बाहेर येत नाही म्हणून ती गार लागते.

आणि उन्हापुढे हे सगळे आकडे किरकोळ आहेत. मोकळ्या उन्हात पालथ्या फोनच्या पाठीवर सुमारे बारा वॅट ऊर्जा पडते, म्हणजे फोन स्वतः निर्माण करतो त्याच्या कितीतरी पट. काळं कव्हर त्यातली बहुतेक शोषून घेतं, पांढरं बरीचशी परतवतं. उष्णतेसाठी कव्हर निवडायचं असेल, तर पदार्थापेक्षा रंग बघा.

एक उदाहरण घेऊ. नागपुरात मे महिन्यात दिवसभर दुचाकीवरून पार्सल पोचवणारा मुलगा. बाहेर ४४-४५ अंश, नकाशा सतत चालू, हात घामट, फोन दिवसातून अनेकदा होल्डरमधून काढायचा आणि परत लावायचा. ॲपल आपले आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगते. म्हणजे इथे सुरुवातच मर्यादेच्या वर होते. अस्तराचं सिलिकॉन त्याच्यासाठी नको, ते हवा अडकवतं आणि होल्डरमधून ओढताना काठ सैल होतात. नुसतं हार्ड कव्हरही नको, कारण घामट हातातून सुटलेला फोन डांबरावर कोपऱ्यावर पडेल. त्याने फिक्या रंगाचं, पातळ कडक पाठीचं आणि खरबरीत टीपीयू काठांचं कव्हर घ्यावं, होल्डरला छोटं छप्पर लावावं आणि जेवणाच्या सुट्टीत चार्जिंग करताना कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा. उन्हात स्क्रीन आपोआप मंद झाली किंवा चार्जिंग थांबलं, तर तो बिघाड नसतो. फोन स्वतःला वाचवत असतो.

हाच मुलगा दिवसभर एसी ऑफिसात बसणारा असता, तर त्याच्यासाठी आत साचा असलेलं सिलिकॉन अधिक सुखाचं ठरलं असतं.

शेवटी कव्हर बदलायची वेळ ओळखता यायला हवी. पारदर्शक टीपीयू पिवळं पडतं, ते ऊन आणि उष्णतेने पदार्थातच झालेल्या बदलामुळे. टूथपेस्ट किंवा सोड्याने घासून ते परत पांढरं होत नाही, पण फक्त पिवळेपणामुळे फेकूनही देऊ नका. दमट हवेत काही टीपीयू चिकट होतं, तसं झालं की पदार्थ आतून तुटत असल्याचं समजा. हार्ड कव्हरमध्ये बटणांच्या खाचेपासून आणि कोपऱ्यांपासून बारीक तडे सुरू होतात. नेलपॉलिश रिमूव्हर लागला तर ते आणखी लवकर येतात. आणि कुठल्याही पदार्थाचं असो, फोन पालथा धरून हलका झटका दिल्यावर एकही कोपरा सुटत असेल, तर त्या कव्हरचं काम संपलं. दीडशे-दोनशे रुपयांचं कव्हर वेळेत बदललं, तर काही हजारांची स्क्रीन वाचते.