मांडण्या भरलेल्या, गल्ला रिकामा

आज कागद-पेन्सिल घेऊनच बसा, कारण आज आपण आपल्या दुकानातला माल मोजणार आहोत. नुसता नग किती हे नाही, तर तो माल किती दिवस पुरेल हे मोजायचं आहे.

भोर तालुक्यातल्या आम्हा काही गटांचं मिळून पुण्यात, सातारा रस्त्याच्या बाजूला एक छोटं दुकान आहे. तांदूळ, डाळी, भाजणी, मसाले, पापड-कुरडया आणि कापडी पिशव्या-गोधड्या एवढाच माल. मार्चअखेर हिशेब केला तेव्हा तीन महिन्यांत पन्नास हजार रुपये सुटलेले दिसले. सगळ्याजणी खूश झालो. पण एप्रिलमध्ये कर्जाचा हप्ता भरायची वेळ आली, तेव्हा गल्ल्यात खडखडाट! एकमेकींकडे संशयानं बघायची वेळ आली होती. चोरी कुठंच झाली नव्हती. पैसे दुकानातच होते, फक्त ते नोटांच्या रूपात नव्हते. गोधड्या आणि पापड होऊन मांडणीवर बसले होते.

हे आम्हाला एका कागदानं दाखवलं. तो कागद कसा मांडायचा ते सांगतो.

कागदावर चार रकाने आखा. पहिल्या रकान्यात तिमाहीच्या सुरुवातीला दुकानात असलेला माल, दुसऱ्यात तीन महिन्यांत घेतलेला माल, तिसऱ्यात तिमाही संपताना शिल्लक राहिलेला माल. हे तिन्ही आकडे खरेदीभावानं लिहायचे, विक्रीभावानं नाही. चौथा रकाना या तिघांतून निघतो. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, वजा शिल्लक. हा झाला विकलेला माल, त्याच्या खरेदी किमतीत.

आमचे जानेवारी ते मार्चचे आकडे असे होते. सुरुवातीला १,२०,००० रुपयांचा माल, खरेदी १,८०,०००, आणि ३१ मार्चला मोजदाद केली तेव्हा शिल्लक १,५०,०००. म्हणजे विकलेला माल झाला १,५०,००० रुपयांचा. तो विकून आमच्या हातात २,००,००० आले, म्हणून पन्नास हजार सुटले. पण शिल्लक बघा. एक लाख वीस हजारांची दीड लाख झाली. पन्नासातले तीस हजार तिथंच अडकले, आणि उरलेले वीस हजार दुकानाचं भाडं, लाइट बिल आणि टेम्पोत गेले. हप्त्याला काय उरणार?

आता पुढची पायरी. सुरुवातीचा आणि शेवटचा साठा मिळवून दोननं भागा. १,२०,००० आणि १,५०,००० मिळून २,७०,०००, त्याचे निम्मे १,३५,०००. हा आमचा सरासरी साठा. विकलेल्या मालाला या सरासरीनं भागलं की माल किती वेळा फिरला ते कळतं. दीड लाख भागिले एक लाख पस्तीस हजार, म्हणजे जेमतेम १.१. तीन महिन्यांत आमचा माल एकदाच फिरला.

फेऱ्यांचा आकडा चटकन डोक्यात बसत नाही, म्हणून तो दिवसांत करून घ्यायचा. सरासरी साठ्याला तिमाहीच्या दिवसांनी गुणा आणि विकलेल्या मालानं भागा. १,३५,००० गुणिले ९०, भागिले १,५०,०००. उत्तर आलं ८१ दिवस. म्हणजे मांडणीवर आलेली वस्तू सरासरी ८१ दिवसांनी विकली जात होती. इकडं गुलटेकडीचं मार्केट यार्ड आमच्या दुकानापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि गावाहून टेम्पो दर सोमवारी येतो. दर आठवड्याला माल मिळत असताना ८१ दिवसांचा साठा कशाला?

इथं आमची एक चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. पहिल्यांदा आम्ही विक्रीचे दोन लाख धरून भागाकार केला आणि ६१ दिवस आले. बरं वाटलं. पण साठा खरेदीभावानं आणि विक्री विक्रीभावानं धरली, तर माल आहे त्यापेक्षा वेगानं फिरतोय असं दिसतं. वजनकाट्याच्या एका पारड्यात किलो आणि दुसऱ्यात शेर टाकल्यासारखं होतं ते. दोन्हीकडे खरेदीभावच हवा. आणि दुसऱ्या गटानं जाकड ठेवलेला माल, ज्याचे पैसे विकल्यावरच द्यायचे, तो यात मोजायचा नाही. त्यात आपले पैसे गुंतलेले नसतात.

सगळ्या दुकानाचा एक आकडा काढून थांबलं तर मात्र फसगत होते. म्हणून आम्ही तोच कागद चार प्रकारच्या मालासाठी वेगवेगळा मांडला. तांदूळ, डाळी आणि भाजणी यांचा सरासरी साठा १८,००० आणि विकलेला माल ९०,०००. उत्तर, १८ दिवस. मसाल्यांचे आले ८० दिवस. पापड-कुरडयांचे २००. आणि पिशव्या-गोधड्यांत ४५,००० रुपये गुंतलेले, तीन महिन्यांत विकलेला माल फक्त ६,००० रुपयांचा. त्याचे दिवस झाले ६७५, म्हणजे पावणेदोन वर्षांपेक्षा जास्त!

गोधड्यांचं असं का झालं तेही कळलं. डिसेंबरात पुण्यात कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते. तिथं चार दिवसांत आमच्या गोधड्या हातोहात गेल्या. आम्ही तोच वेग धरला आणि गावात शिवणाऱ्या बायकांना पुढच्या महिन्यांसाठी भरपूर काम दिलं. पण जत्रेतला खप हा दुकानाचा खप नव्हे. जत्रेत लोक गोधडी शोधतच येतात, दुकानात डाळ न्यायला येतात.

आता या अडकलेल्या पैशाची किंमत बघा. हा पैसा शेकडा एक रुपया महिना व्याजानं घेतलेला. ४५,००० वर तीन महिन्यांचं व्याज १,३५० रुपये. गोधड्यांवर त्या तीन महिन्यांत सुटले २,०००. व्याज जाऊन हातात राहिले ६५०. तांदूळ-डाळीत १८,०००च गुंतलेले, त्यावर व्याज ५४०, आणि सुटलेले २४,०००. एका गोधडीवर सुटणारा पैसा डाळीच्या किलोपेक्षा कितीतरी जास्त दिसतो, म्हणून आम्हाला गोधडीचाच मोह होता.

मग किती दिवसांचा साठा बरोबर? सगळ्या दुकानांना लागू होईल असा एक आकडा नाही. माल किती दिवसांनी येतो, त्याला उशीर झाला तर किती होतो, आणि अचानक मागणी वाढली तर हाताशी किती हवा, या तिघांची बेरीज करा. आमचा टेम्पो सात दिवसांनी येतो, पावसात तीन दिवस चुकतो, आणि दोन दिवसांची वरकड. म्हणजे तांदूळ-डाळी-भाजणीला १२ दिवस पुरे. आम्ही १८ ठेवत होतो. रोज हजार रुपयांचा माल जातो, तेव्हा सहा दिवसांचे सहा हजार जास्तीचे झाले. शिवाय भाजणी फार दिवस राहिली की तिला जाळी धरते, हे आपल्याला सांगायला नको.

पापडाचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. पापड-कुरडया उन्हाळ्यात करून वर्षभर विकायच्या असतात, म्हणून मार्चनंतर साठा मोठा दिसणारच. तिथं २०० दिवस बघून घाबरायचं नाही. तिथं सरासरी सोडा, हातातला शिल्लक माल घ्या आणि तो पुढं किती दिवस चालेल ते बघा. आमच्याकडे ३१ मार्चला ६०,००० रुपयांचे पापड-कुरडया होत्या. रोजचा खप २०० रुपयांचा, म्हणजे ३०० दिवस पुरतील. पुढचा उन्हाळा येईपर्यंत संपतील, मग बिघडलं कुठं? पाकिटावर आम्हीच सहा महिन्यांची मुदत छापलेली! १८० दिवसांत विकले जाणार ३६,००० रुपयांचे. बाकी २४,००० रुपयांचा माल मुदतीबाहेर जाणार, तोही पावसाळ्यात मऊ पडून. दिवसांचा आकडा नेहमी मुदतीच्या शेजारी ठेवून वाचायचा तो यासाठी.

मग आम्ही काय केलं? नव्या गोधड्या शिवणं थांबवलं, आणि होत्या त्यातल्या काही पावसाळ्याच्या तोंडाला खरेदीभावात काढल्या. ज्यांच्या हातचं काम थांबलं, त्यांना पिशव्या शिवायला दिल्या, पण मागणी आली तेवढ्याच. यावर गटात बरीच बोलाचाली झाली, ते लपवत नाही. मसाला तीन महिन्यांचा एकदम कांडायचा तो दर महिन्याला कांडू लागलो. जास्तीचे पापड मुदत भरपूर असतानाच लग्नघरी आणि खानावळींना कमी फायद्यात दिले.

जुलै ते सप्टेंबरचा कागद पुन्हा मांडला. या तिमाहीत दिवस ९२. विकलेला माल १,३८,००० रुपयांचा, म्हणजे आधीपेक्षा थोडा कमीच. पण सरासरी साठा ८४,००० वर आला होता. ८४,००० गुणिले ९२, भागिले १,३८,०००. आले ५६ दिवस. विक्री वाढली नाही, तरी एक्कावन्न हजार रुपये मांडणीवरून सुटले, आणि हप्ते वेळेवर गेले.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दिवस कमी झाले म्हणजे सगळं चांगलंच झालं असं नाही. माल ठेवलाच नाही, तरी आकडा कमी दिसतो. म्हणून गल्ल्याशेजारी एक छोटी वही ठेवा. गिऱ्हाईक काही मागायला आलं आणि ते नव्हतं, की त्या वस्तूचं नाव लिहून ठेवा. पावसाळ्यात आमच्या वहीत एका आठवड्यात भाजणीचं नाव पाच वेळा आलं, तेव्हा आम्ही बारा दिवसांचे पंधरा केले.

कागद चार रकान्यांचाच आहे, पण मोजदाद प्रत्यक्ष डबे उघडून करायची, अंदाजानं नाही. या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर दोघीजणींनी बसा. एकीनं मोजायचं, दुसरीनं लिहायचं. पहिला आकडा मिळाला की कागद सुरू झाला.