गिऱ्हाईकाच्या घरी दुःख झाले तर ई-मेल कसा लिहावा?

रिसोडच्या बाजारात कुणाच्या घरी मयत झाली की दुकानदार स्वतः जाऊन दोन घटका बसतो. उर्दूत याला ताजियत म्हणतात. पण ठोक खरेदीदार नांदेडचा किंवा अकोल्याचा असेल आणि सारा व्यवहार ई-मेलवरच चालत असेल, तर दुःखही ई-मेलवरच कळवावे लागते. इथे बरेच व्यापारी अडखळतात.

समजा, शाळेच्या गणवेशाचे कापड नेणाऱ्या एका दुकानदाराची आई वारली. त्याच्याकडे आपले बिल बाकी आहे आणि मुदत आठ दिवसांवर आली आहे. पहिली गोष्ट, जुन्या बिलाच्या ई-मेलला उत्तर म्हणून लिहू नये. तसे केले तर वर ‘थकबाकी’ हा विषय राहतो आणि खाली सांत्वन येते. नवा ई-मेल काढावा, विषयात ‘आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल’ एवढेच लिहावे. सहीखाली आपोआप येणारी दुकानाची जाहिरात काढावी. मुनीमजींना सांगून तगाद्याचे आपोआप जाणारे संदेशही थांबवावेत.

मजकूर चार ओळींचा पुरे:

‘आपल्या मातोश्रींच्या निधनाची बातमी कळून फार वाईट वाटले. त्यांची माझी भेट नव्हती, पण आपल्या बोलण्यात त्यांचे नाव नेहमी येई. या दुःखात आम्ही आपल्यासोबत आहोत. या ई-मेलला उत्तर देण्याची तसदी घेऊ नये.’

दुसऱ्या ओळीत खरे तेवढेच लिहावे. भेट झाली नसेल तर ‘त्या मला मुलासारखे मानत’ असे लिहिले की घरच्यांना ते लगेच खोटे वाटते. आजार कोणता होता, दवाखाना कोणता, हे विचारू नये. शब्द समोरच्याच्या घरचे असावेत. मुस्लिम घरी ‘मरहूमा’ आणि मगफिरतची दुआ शोभते. हिंदू घरी ‘कैलासवासी’ की ‘वैकुंठवासी’ हे त्यांच्या पंथावर ठरते, म्हणून माहीत नसल्यास ‘निधन’ हा साधा शब्द बरा.

‘पैशाची काळजी करू नका’ हे वाक्य मात्र टाळावे. सद्भावनेने लिहिलेले असले, तरी पुढे त्याचा अर्थ ‘मुदत सोडली’ असा निघतो आणि वाद होतो. सवलत द्यायचीच असेल तर ती वेगळी, तारखेसह आणि दुकानाचे काम पाहणाऱ्या माणसाला कळवावी: ‘बिलाची मुदत पंधरा दिवसांनी वाढवली आहे.’

वसुलीची आठवण कधी करावी? मुस्लिम घरी सोग तीन दिवसांचा असतो, विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. हिंदू घरी बहुधा तेराव्यापर्यंत थांबतात. तेवढे दिवस जाऊ द्यावेत. मग नव्या ई-मेलमध्ये फक्त हिशेब लिहावा, त्यात दुःखाचा उल्लेख करू नये. नाहीतर आधीचे सांत्वन वसुलीसाठीच होते, असे समोरच्याला वाटेल.