नथ डावीकडे, पदर डावीकडे

लग्नपत्रिकेवर किंवा सभागृहाच्या दारातल्या फलकावर वधूवरांचं रेखाचित्र लावायची हौस आता सर्रास दिसते. चित्रकार बहुधा परगावचा असतो, कधी परदेशातलाही. त्याला आपण फोनवर एवढंच कळवतो, ‘मुलगी नऊवारीत हवी, मराठी लूक.’ मग चित्र येतं ते घेरदार घागऱ्यावर पदर घेतलेल्या आणि नथीची साखळी केसांत अडकवलेल्या मुलीचं. चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला काय काढायचं ते आपण सांगितलेलंच नसतं.

सर्वात आधी क्षण ठरवावा. ब्राह्मणी पद्धतीच्या लग्नातली, अंतरपाटासमोर उभी असलेली वधू घेऊ. तिच्या अंगावर पिवळी, लाल काठांची अष्टपुत्री आहे. बऱ्याच घरांत ती मामाकडून येते. कपाळावर मुंडावळ्या, हातात हार. गळ्यात मंगळसूत्र मात्र नाही, कारण ते अजून बांधलेलंच नाही. सगळे दागिने एकदम घालायच्या भरात ही चूक हमखास होते.

खरी कसोटी नऊवारीची. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड, आणि ते परकराशिवाय नेसलं जातं. कमरेभोवती घेऊन समोर गाठ मारतात. पदर पाठीमागून काखेखालून आणून छातीवरून डाव्या खांद्यावर टाकतात. मधल्या कापडाच्या निऱ्या करून त्यांचा ओचा बेंबीपाशी खोचतात. खालचा भाग पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचला की झाला कासोटा. चित्रकाराला ही कृती सांगायलाच हवी, कारण चुण्यांच्या रेषा तिच्यातूनच ठरतात. समोरून पाहिलं तर कासोटा दिसत नाही. तो कळतो तो खालच्या कापडावरून. ते घोट्यांकडे पसरत न जाता दोन्ही पायांभोवती वेगवेगळं बसतं, आणि मांड्यांवरच्या चुण्या तिरक्या होऊन आत, मागच्या बाजूला ओढल्या जातात. साडीचा खालचा कडा सरळ आडवा गोल काढला असेल, तर ती सहावारी झाली, मग रंग कितीही पिवळा असो.

मराठा घरांतली नेसण वेगळी, पदर डोक्यावरून घ्यायची रीतही अनेक ठिकाणी आहे. कोळणीचं लुगडं तर आणखी निराळं. शिवलेल्या नऊवारीत निऱ्या मोजून बसवल्यासारख्या सारख्या असतात. वधू प्रत्यक्ष तीच नेसणार असेल तर तीच काढावी. म्हणून आपल्या घरातल्या नेसलेल्या साडीचे समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे फोटो पाठवणं उत्तम. जुनं पाहायचं तर एम. व्ही. धुरंधरांची चित्रं पाहावीत. बायकांच्या नेसणीतले फरक त्यांनी बारकाईने टिपले आहेत.

नथ डाव्या नाकपुडीत. तार नाकात, आणि बाहेर मोत्यांचा भरीव आकडा, मधे लाल किंवा हिरवे खडे. मोती वरच्या ओठावर झुकतात, ओठाचा थोडा भाग झाकतात. पोकळ मोठी कडी आणि कानामागे जाणारी साखळी ही उत्तरेकडची तऱ्हा. इथे आणखी एक घोटाळा होतो. मोबाइलवर स्वतःच काढलेला फोटो पुष्कळदा आरशासारखा उलटा साठवला जातो. त्यावरून काम केलं की नथ उजवीकडे जाते आणि पदरही उजव्या खांद्यावर. तपासायची खूण सोपी आहे: वधू समोर पाहत असेल, तर नथ आणि पदर दोन्ही आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, उजव्या हाताला हवेत.

बांगड्यांबद्दल फार बोलायला नको. हिरव्या काचेचा चुडा दोन्ही हातांत, त्याच्या मागेपुढे सोन्याच्या पाटल्या आणि तोडे. काच पातळ असते, म्हणून एकच जाड हिरवा पट्टा न काढता वेगवेगळ्या बारीक रेषा काढाव्यात.

केसांचा मधोमध भांग आणि मानेवर अंबाडा किंवा खोपा. अंबाड्याभोवती मोगऱ्याचा गजरा, वर सोन्याचं फूल. पण चेहरा अगदी समोरून असेल तर यातलं काहीच दिसणार नाही, फार तर गजऱ्याची कड. ती दाखवण्यासाठी काही चित्रकार अंबाडा टाळूवर चढवतात आणि वधू नृत्यांगना वाटू लागते. त्यापेक्षा मान थोडी वळवून चेहरा तिरका घ्यायला सांगावा. वळवताना डावा गाल आपल्याकडे राहील असं पाहावं, म्हणजे नथही झाकली जात नाही.

आणि कच्चं रेखाटन मागवाच. रंग भरण्याआधी ते घरात नऊवारी नेसवणाऱ्या बाईला दाखवा. पदराचा खांदा किंवा नथीची बाजू पेन्सिलीत सहज बदलता येते. रंग भरल्यावर चेहरा पुन्हा काढावा लागतो आणि चित्रकार त्याचे वेगळे पैसे मागतो.