दोन मीटरवरून वाचलेलं पोस्टर

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा असो की परदेशातली एखादी मोठी परिषद, पोस्टरचा वाचक उभा असतो, बहुतेक वेळा चालतच असतो, आणि त्याच्या आजूबाजूला चारपाच जण एकाच वेळी बोलत असतात. शोधनिबंध वाचायला माणूस ठरवून बसतो. पोस्टरपाशी थांबायचं की पुढे जायचं, हे तो दीड-दोन मीटरवरून, काही सेकंदांत ठरवून टाकतो. पोस्टरचा मजकूर तपासला जातो तो मात्र लॅपटॉपवर, खुर्चीत बसून. तिथे प्रत्येक वाक्य बरोबर वाटतं, कारण तपासणाऱ्याला विषय आधीच ठाऊक असतो आणि त्याला वेळही असतो.

एक उदाहरण घेऊ. हे पोस्टर आणि त्यातले आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत, पण विषय खरा आहे आणि विद्यार्थ्यांच्या आवडीचा आहे. शेवग्याच्या बियांची पावडर गढूळ पाणी निवळते. बियांमधल्या प्रथिनांवर धन भार असतो आणि पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवर ऋण. भार एकमेकांना मारतात, कण एकत्र येऊन जड होतात आणि तळाशी बसतात. पोस्टरचं शीर्षक असं आहे: ‘ग्रामीण भागातील भूपृष्ठीय जलस्रोतांतील गढूळपणाच्या निवारणासाठी शेवग्याच्या बियांच्या चूर्णाचा वापर : एक प्रायोगिक अभ्यास’. खाली क्रमाने प्रस्तावना, पूर्वसंशोधन, उद्दिष्टे, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष, संदर्भ. एकूण शब्द अकराशे.

पहिली तपासणी सोपी आहे. पोस्टर छापण्याआधी त्याची फाइल पडद्यावर किंवा मोठ्या कागदावर घ्यायची आणि विषयाबाहेरच्या माणसाला दहा सेकंद दाखवायची. मग झाकून एकच प्रश्न विचारायचा: यांना काय सापडलं? ‘यांनी कशावर काम केलं’ हे विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर वरच्या शीर्षकातूनही मिळतं. आपला वाचक म्हणेल, ‘शेवगा आणि पाण्याबद्दल काहीतरी आहे.’ म्हणजे शीर्षकाने विषय सांगितला, निकाल सांगितला नाही.

निकाल आहे कुठे? उजव्या खालच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर, सहा ओळींच्या परिच्छेदातल्या चौथ्या ओळीत. दर लिटर १०० मिलिग्रॅम पावडर घातल्यावर गढूळपणा १५० एनटीयूवरून ९ एनटीयूवर आला, आणि २०० मिलिग्रॅम घातल्यावर तो पुन्हा ३०पर्यंत चढला. एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक. पोस्टरवरची सगळ्यात वाचनीय गोष्ट हीच, म्हणजे जास्त घातलं की काम बिघडतं. त्याचं कारणही सुंदर आहे: गरजेपेक्षा जास्त प्रथिनं आली की मातीचे कण उलट भाराने माखले जातात आणि पुन्हा एकमेकांना दूर लोटू लागतात. इतका चांगला मुद्दा वाकून वाचावा लागतो.

असं होतं, कारण पोस्टर शोधनिबंध कापून तयार होतं आणि निबंधाचा क्रम तसाच राहतो. निबंधात तो क्रम योग्यच आहे. वाचक शेवटपर्यंत येणार हे तिथे गृहीत धरता येतं. इथे ते धरता येत नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या माइक मॉरिसन याने एक व्हिडिओ काढून वेगळी रचना सुचवली: मधोमध मोठ्या अक्षरांत मुख्य निष्कर्ष साध्या भाषेत, तपशील बाजूच्या अरुंद पट्ट्यांत, आणि पूर्ण निबंधासाठी क्यूआर कोड. ती जगभर पसरली आणि तिच्यावर टीकाही झाली. मधली मोठी जागा एकाच वाक्याला दिल्यावर आकृत्यांना जागा उरत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. माझ्या मते रचना कुठलीही घ्यावी, पण निकाल डोळ्यांच्या उंचीवर हवा, त्याच्या लगेच शेजारी त्याचा पुरावा देणारा आलेख हवा, आणि पद्धत त्यानंतर.

आता लांबी. मनातल्या मनात मिनिटाला दोनशे शब्द धरले, तर अकराशे शब्दांना साडेपाच मिनिटं लागतात. इतका वेळ उभ्याने कोणी देत नाही. मी साडेतीनशे-चारशे शब्दांच्या वर जाऊ देत नाही. कापताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे काढलं तर निकाल समजायला किंवा पटायला अडेल का? ‘पाणी ही मानवाची मूलभूत गरज आहे’ हे वाक्य पहिल्या फेरीत जातं. ‘प्रस्तुत अभ्यासात गढूळपणाचे मापन करण्यात आले’ याचं ‘गढूळपणा मोजला’ होतं. पद्धतीत बिया कुठून आणल्या आणि कोणत्या चाळणीने चाळल्या हे तोंडी सांगता येईल; पण किती पावडर, किती वेळ ढवळलं, किती वेळ स्थिर ठेवलं, हे राहिलंच पाहिजे, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. पूर्वसंशोधनाचा परिच्छेद सगळाच जातो. गाइडना हे जड जातं, कारण परीक्षकाला वाचन दिसावं अशी त्यांची इच्छा असते. पण परीक्षक ते प्रश्न विचारूनही तपासू शकतो.

खरा धोका कापण्याच्या पुढच्या टप्प्यावर आहे. हौसेने छोटं केलेलं शीर्षक असं होतं: ‘शेवग्याच्या बियांनी पाणी शुद्ध करा’. पाच शब्द, लांबूनही वाचता येतात, आणि विधान खोटं आहे. निवळलेलं पाणी निर्जंतुक झालेलं नसतं. शिवाय बियांमधले सेंद्रिय अंश पाण्यात उरतात, त्यामुळे ते पाणी साठवलं तर त्यात जंतू पुन्हा वाढू शकतात. ९ एनटीयू हा आकडाही भारतीय मानकाच्या बाहेर आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तिथे १ एनटीयू स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५पर्यंत चालतं. जाता जाता वाचणारा एवढंच शीर्षक घरी घेऊन जाणार असेल, तर संक्षेपाने त्याचं नुकसान केलं. म्हणून कापताना मर्यादेला हात लावायचा नाही. माझा मसुदा असा असेल: ‘शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं, पावडर जास्त झाली तर पुन्हा गढूळतं’. आणि आलेखाखाली, त्याच ठळक अक्षरांत: ‘हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.’

आलेखाचीही तपासणी मजकुरासारखीच करावी. ‘आकृती २ : मात्रा व गढूळपणा यांतील संबंध’ ही ओळ वाचकावर काम टाकते. ‘१०० मिलिग्रॅमनंतर गढूळपणा वाढू लागतो’ लिहिलं, तर आलेखात नजर कुठे न्यायची ते कळतं. अक्षांवर एकक हवं, आणि एनटीयू म्हणजे काय हे एकदा, पहिल्यांदा येतं तिथेच.

सुधारलेला मसुदा नव्या माणसाला दाखवायचा, कारण पहिल्या वाचकाला आता उत्तर माहीत आहे. दहा सेकंदांनंतर तो ‘पाणी शुद्ध होतं’ म्हणाला, तर शीर्षकावर पुन्हा बसायचं. ‘निवळतं, पण प्रमाण सांभाळावं लागतं’ असं म्हणाला, तर त्याला आणखी एक मिनिट देऊन विचारायचं: किती प्रमाण? ते त्याला बोट ठेवून दाखवता आलं, तर फाइल छपाईला द्यायला हरकत नाही. बोट पोस्टरवर फिरत राहिलं, तर चूक क्रमात आहे आणि आकडा आलेखाच्या आणखी जवळ आणायला हवा.