मनोगत मुलालाच लिहू द्या

सुट्टीतल्या विज्ञान शिबिरांना जागा थोड्या असतात आणि अर्ज भरपूर येतात. काही ठिकाणी गुणांवरच निवड होते. काही ठिकाणी मात्र अर्जासोबत छोटं मनोगत मागतात: तुला शिबिराला का यायचं आहे, ते दीडशे-दोनशे शब्दांत लिही. घरात धांदल उडते ती इथे. आई, बाबा, क्लासचे सर, सगळे हात लावतात आणि शेवटी कागदावर उतरतं, 'विज्ञान हा मानवाच्या प्रगतीचा पाया आहे. डॉ. कलाम यांच्याप्रमाणे मलाही देशसेवा करायची आहे.' वाक्यं चांगली असतात, पण ती कुणाच्याही अर्जात शोभली असती. वाचणाऱ्याला हे मूल त्यात दिसत नाही.

मुलानं स्वतः लिहिलं तर काय दिसतं? आठवीतल्या मुलीचं मनोगत कसं असू शकेल, याचा हा एक नमुना पाहा:

'आमच्या घरी उन्हाळ्यात माठातलं पाणी गार लागतं, पावसाळ्यात तेवढं लागत नाही. आजी म्हणाली, पावसाळ्यात हवाच गार असते म्हणून आपल्याला तसं वाटतं. मला मोजून बघायचं होतं. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर 35 च्या खाली दाखवत नाही, म्हणून सरांकडून प्रयोगशाळेतला आणला. संध्याकाळी एकाच बादलीतलं पाणी माठात आणि स्टीलच्या कळशीत भरून दोन्ही शेजारी ठेवलं. मे महिन्यात सकाळी कळशीत 31 अंश आणि माठात 25 अंश होतं. जुलैमध्ये कळशीत 27 आणि माठात 25. म्हणजे माठातलं पाणी दोन्ही वेळा सारखंच होतं, आजीचं बरोबर निघालं. पण मे महिन्यात माठानं 6 अंश कमी केले आणि जुलैत 2 च, म्हणजे माझंही थोडं बरोबर आहे. एका दिवशी झाकण उघडं राहिलं, तो आकडा मी धरला नाही. आमचा जुना माठ नव्याइतकं पाणी गार करत नाही. ते का, हे मला कळलं नाही. शिबिरात हे कसं शोधायचं ते शिकायचं आहे.'

यात 'बाष्पीभवन' हा शब्दसुद्धा नाही, तरी निवड करणाऱ्याला बरंच काही कळतं. शेजारी ठेवलेली कळशी सर्वांत महत्त्वाची. ती नसती तर पाणी माठामुळे गार झालं की रात्रीच्या गारव्यामुळे, हे सांगताच आलं नसतं. तापाच्या थर्मामीटरची अडचण तर स्वतः हाताळल्याशिवाय सुचतच नाही. दुसऱ्यानं लिहून दिलेल्या मजकुरात असे तपशील सहसा नसतात. आजीचं म्हणणं तिनं झटकून टाकलं नाही, मोजून तपासलं आणि जेवढं बरोबर निघालं तेवढं मान्य केलं.

शास्त्राशीही तिचे आकडे जुळतात. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या बाजूला त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. दहा लिटर पाणी 6 अंशांनी गार व्हायला साधारण 100 ग्रॅम पाणी उडून जावं लागतं. बाहेरून उष्णता आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच उडतं. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्यामुळे वाफ कमी होते. जुन्या माठाच्या छिद्रांत पाण्यातले क्षार बसत जातात आणि पाझर मंदावतो. हे उत्तर तिला ठाऊक नाही आणि मनोगतात ते असायची गरजही नाही. तिनं नेमका प्रश्न विचारला आहे, शिबिराला तेवढं पुरतं.

या मनोगतात एक उणीव आहे: तिनं किती दिवस मोजलं, ते लिहिलेलं नाही. मोठ्यांची मदत हवी ती अशा ठिकाणी. 'किती दिवस मोजलंस? रोज तेवढाच फरक आला का?' एवढं विचारावं आणि उत्तर तिलाच लिहू द्यावं. शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात, वाक्यं मात्र बदलू नयेत. ज्या निवडीत मुलाखत असते, तिथे तर उसनी वाक्यं लगेच उघडी पडतात. 'कळशी का ठेवलीस?' या प्रश्नाला जिनं ठेवली ती चटकन उत्तर देते. जिला मजकूर लिहून मिळाला ती आईकडे बघते.

अर्थात, सगळ्याच मुलांना लिहिणं जमत नाही. हाताने उत्तम प्रयोग करणारं एखादं मूल कागदावर दोन ओळींत अडतं. म्हणून केवळ मनोगतावर निवड करणं बरोबर नाही, आणि शिबिर भरवणाऱ्यांनी ते मुलाच्या शाळेच्या भाषेत स्वीकारायलाच हवं. पालकांना आणि शिक्षकांना एवढीच विनंती: यंदा असा अर्ज घरी आला, तर पेन मुलाच्या हातात द्या आणि त्याला एकच विचारा, 'तू स्वतः काय करून पाहिलंस?'